कालवा, तलाव की बोअर? मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे पाण्याबद्दलचे नेहमीचे प्रश्न

मोसंबी, हरभरा, गहू, कापूस करणारे आपल्याकडचे शेतकरी पाण्याबद्दल फिरून फिरून जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. हिशोबाला एकच शेत धरलंय म्हणजे तुलना करता येईल. खर्चाचे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या तालुक्यातला भाव टाकून परत गुणाकार करा.

प्रश्न: कालवा, तलाव आणि बोअर, यात सगळ्यात स्वस्त पाणी कुठलं?

आधी "एक पाणी" म्हणजे किती ते ठरवू, नाहीतर तुलनाच होत नाही. एका एकराला साधारण 6 सेंटीमीटरचं भिजवण धरलं तर 240 घनमीटर लागतं, म्हणजे 2 लाख 40 हजार लिटर, 12 हजार लिटरचे 20 टँकर. आपण भिजवताना एवढं पाणी जातं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही कारण ते पाटातून वाहतं, टँकरमधून नाही.

आता एक शेत धरू, अंबड-घनसावंगी भागातलं. एक एकर गहू पाच पाण्याचा, दोन एकर हरभरा दोन पाण्याचा आणि एक एकर मोसंबी ठिबकवर. गहू-हरभऱ्याचं मिळून 9 एकर-पाणी, म्हणजे 2,160 घनमीटर. मोसंबीची सहा बाय सहा मीटरवर 110 च्या आसपास झाडं बसतात, मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोजचं 100 लिटर धरलं तर दिवसाला 11 घनमीटर आणि फेब्रुवारी ते मे चार महिन्यांचं 1,300 घनमीटर. वर्षाचं एकूण झालं 3,460 घनमीटर. पुढे सगळीकडे हाच आकडा वापरलाय.

कालव्याची पाणीपट्टी वेळोवेळी बदलते पण हंगामी पिकाला ती हेक्टरी शेकड्यांत नाहीतर हजार-दोन हजारांत असते. हेक्टरी दीड हजार धरा, एकरी 600 झाले, हंगामात तीन पाळ्या मिळाल्या तर एका पाण्याला 200 रुपये.

बोअरचं बघा. 500 फूट, फुटाला 100 रुपये धरले तर 50 हजार. पहिला कोरडा गेला असं धरू, कारण जातोच, मग दुसऱ्याचे परत 50 आणि केसिंगचे 15 हजार. 5 एचपीची सबमर्सिबल, पाइप, केबल, स्टार्टर मिळून 75 हजार. झाले 1 लाख 90 हजार. बोअर पाच वर्षं चालला तर वर्षाला 38 हजार, त्याला 3,460 ने भागलं की घनमीटरला 11 रुपये, म्हणजे एका पाण्याला अडीच हजाराच्या वर. यात मोटर जळणं, व्याज, वीज काहीच धरलेलं नाही.

विहिरीला खोदाई आणि बांधकामाचे 5 लाख आणि मोटरीचे 40 हजार धरले, ती 25 वर्षं टिकली (जास्तच टिकते), तर एका पाण्याला दीड हजार पडतात. सुरुवातीला विहीर महाग वाटते आणि बोअर स्वस्त, पण वर्षांनी भागलं की उलटं होतं. तलावाचं पाणी आपल्याकडे बहुतेक विहिरीतूनच वापरलं जातं, त्यामुळे त्याचा खर्च म्हणजे विहिरीचाच खर्च. फरक एवढाच की त्या विहिरीला वरून कोणीतरी पाणी पुरवतंय.

प्रश्न: मग कालवा एवढा स्वस्त असून लोकं बोअर का घेतात?

कारण कालव्याचं पाणी पिकाच्या वेळेवर येत नाही, ते धरणाच्या आणि मिटिंगच्या वेळेवर येतं.

होतं कसं ते सांगतो. पावसाळा संपत आला की 15 ऑक्टोबरचा साठा बघतात, त्यातून आधी पिण्याचं बाजूला काढतात, बाष्पीभवनाचं आणि उद्योगांचं धरतात, मग उरलेल्यावर कालवा सल्लागार समितीत किती आवर्तनं द्यायची ते ठरतं. जायकवाडीचा जिवंत साठा 2,171 दलघमी, म्हणजे साधारण पाऊणशे टीएमसी, आणि त्याच्या खाली 738 दलघमी मृतसाठा. साठा भरला तर डाव्या कालव्याने पार परभणी जिल्ह्यापर्यंत पाणी जातं, डावा कालवा 208 किलोमीटर आणि उजवा 132 किलोमीटर माजलगावपर्यंत. पण 2012 ला आणि 2015 ला धरणच मृतसाठ्यात होतं, त्या वर्षी कालव्यावर अवलंबून असणाऱ्याने करायचं काय? लातूरकडे मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे शेतीच्या पाळीचा विषयच नव्हता.

धरण भरलेलं असलं तरी दुसरी अडचण आहे, हेड आणि टेल. कालव्याला गाळ, झाडोरा, फुटलेलं अस्तरीकरण, त्यामुळे तो पूर्ण क्षमतेने वाहत नाही. वरचे लोक ऊस लावतात आणि पाळी चालू असताना रात्रंदिवस गेट उघडं ठेवतात. टेलच्या माणसाला पाणी पोचेपर्यंत कालवा बंद करायची तारीख येते. नियमाप्रमाणे शेजपाळीत कोणी कधी किती तास घ्यायचं ते ठरलेलं असतं, पण पाटकऱ्याच्या हाताखाली माणसं नाहीत आणि चारीवर कोणी उभं राहत नाही.

पण कालव्याची एक ताकद आहे जी बोअरला कधीच येणार नाही. एक क्युसेकची चारी, म्हणजे सेकंदाला 28 लिटर, एक एकर अडीच-तीन तासांत भिजवते. तासाला 5 हजार लिटर देणाऱ्या बोअरला तेच एक पाणी द्यायला 48 तास लागतात, आणि लाईट आठच तास असते, म्हणजे सहा दिवस. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी पाणी पाहिजे आणि दोन एकर आहे तर बोअरवाल्याचं शेवटचं वाफं भिजेपर्यंत बारा दिवस गेलेले असतात.

प्रश्न: बोअरला दोन इंची पाणी लागलं होतं, दोन वर्षांत गेलं कुठं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गंगा-यमुनेच्या मैदानात जी ट्यूबवेल असते ती वाळू-गाळाच्या जाड थरात असते, तिथे खाली शेकडो फूट भिजलेली वाळूच आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळीकडे बेसाल्ट खडक आहे. वरती काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला किंवा मांजऱ्या खडक, आणि खाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुख्यतः मुरमात आणि भेगाळ थरात असतं, म्हणजे वरच्या 50-60 फुटांत. खाली पाषाणात पाणी नसतं, असतं ते फक्त दोन लाव्हा थरांच्या मधल्या फटीत नाहीतर एखाद्या भेगेत. बोअरची गाडी 300 फुटांवर अशी भेग गाठते आणि फवारा उडतो, घरचे नारळ फोडतात. पण त्या भेगेत जे आहे ते वर्षानुवर्षं साठलेलं असतं आणि परत भरायला वरून वाट अरुंद असते. त्यामुळे पहिल्या दिवशीचा फवारा हा साठ्याचा आकडा आहे, आवकेचा नाही.

आवक किती ते मोजता येतं. मराठवाड्यात साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरा. बेसाल्टमध्ये त्यातला दहा टक्क्यांच्या आसपास भाग जमिनीत मुरून भूजलात जातो, खडकाप्रमाणे सात ते तेरा टक्के धरतात. म्हणजे 70 मिलिमीटर, हेक्टरी 700 घनमीटर. या खडकात पाणी धरायची जागा फार तर एक ते तीन टक्के असते, दोन टक्के धरली तर 70 मिलिमीटर पाण्याने पातळी साडेतीन मीटर वर येते. दिसायला किती छान दिसतं, विहिरीत बारा फूट पाणी चढलं! पण उपसताना ती तेवढ्याच वेगाने खाली जाते, कारण त्या बारा फुटांत खरं पाणी सात सेंटीमीटरचंच आहे. आणि पाऊस अर्धा झाला तर मुरणारं पाणी अर्ध्याहून कमी होतं, कारण कोरडी काळी माती आधी स्वतःची तहान भागवते.

आता याच्यावर ऊस ठेवून बघा. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी 20 हजार घनमीटर तरी लागतं. त्यातलं पाव हिस्सा पाणी परत जमिनीत मुरतं असं समजलं तरी 15 हजार गेलं. 15 हजाराला 700 ने भागा, 21 हेक्टर येतं. म्हणजे बोअरच्या पाण्यावरचा एक हेक्टर ऊस 21 हेक्टर शिवाराची वर्षाची आवक पितो. शेजारचे सगळे तेच करत असतील तर तुमचा बोअर आटणार, आज नाहीतर उद्या, आणि त्यात तुमच्या नशिबाचा संबंध नाही.

प्रश्न: अजून खोल गेलो तर?

बहुतेक वेळा पैसे जातात. 400 फुटांच्या खाली भेगा कमी होत जातात आणि ज्या असतात त्या दाबल्या गेलेल्या असतात. अपवाद आहेत, पण शेजाऱ्याला 700 फुटांवर लागलं म्हणून तुम्हाला लागेल असं खडक काही ठरवत नाही, त्याची भेग तुमच्या बांधापर्यंत येत असेलच असं नाही.

उपशाचा खर्चही बघा. एका एकराचं एक पाणी विहिरीतून 10 मीटर उचलायला पंपाची कार्यक्षमता 40 टक्के धरून 16 युनिट लागतात. तेच 400 फुटांवरून, म्हणजे 120 मीटरवरून, 195 युनिटच्या आसपास. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ झालंय हे खरं, पण बिल माफ झालं म्हणून लाईटचे तास वाढत नाहीत, आणि 5 एचपीच्या मोटरीला एवढं पाणी काढायला पन्नास तासांच्या वर चालावंच लागतं. कमी दाबाची लाईट, वर पाणी कमी पडून कोरडी फिरलेली मोटर, वर्षाला एकदा वाइंडिंग, हे खर्च बिलात दिसत नाहीत.

शिवाय राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर म्हणजे 200 फुटांपेक्षा खोल विहिरीला "खोल विहीर" धरलंय आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी अशी नवी विहीर घ्यायला मनाई आहे. तुमचं गाव अधिसूचित आहे का ते गाडी बोलवायच्या आधी विचारून घ्या.

प्रश्न: शेजाऱ्याने माझ्या विहिरीजवळ बोअर मारला आणि विहीर खाली गेली. असं होऊ शकतं का?

हो, होतं. आणि कसं होतं ते समजून घेतलं तर भांडण कमी आणि उपाय जास्त होतील.

बोअरला केसिंग टाकतात ती फक्त माती-मुरूम ढासळू नये म्हणून, वरचे 20-40 फूट. पुष्कळ वेळा ती मुरमाच्या शेवटापर्यंतसुद्धा नसते आणि बाहेरून बुजवलेली नसते. मग वरच्या थरातलं, म्हणजे तुमच्या विहिरीचंच पाणी, त्या भोकातून खालच्या रिकाम्या भेगेत उतरतं. मोटर बंद असली तरी उतरतं. रात्री शांत वेळी बोअरच्या तोंडाला कान लावला तर आत पाणी पडल्याचा आवाज येतो, ही खूण आहे. उपाय म्हणजे केसिंग कठीण खडकात दोन-तीन फूट रुतेपर्यंत न्यायची आणि बाहेरची पोकळी सिमेंटने भरायची. खर्च थोडा वाढतो, पण एक बोअर दहा विहिरी रिकाम्या करायचा थांबतो. बंद पडलेला कोरडा बोअर तर बुजवलाच पाहिजे, लहान लेकरांच्या जिवासाठी आणि पाण्यासाठीसुद्धा.

प्रश्न: आमच्या गावात पाझर तलाव आहे, त्यात मोटर टाकावी का?

नको. अगदी कळकळीने सांगतो, नको.

1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीतून मराठवाड्यात पाझर तलाव झाले ते पाणी साठवायला नाहीत, मुरवायला. एक तलाव धरा, चार हेक्टर पाणपसारा, सरासरी दोन मीटर पाणी, 80 हजार घनमीटर. त्यातलं साधारण निम्मं मुरतं असं धरतात, बाकी उन्हाने जातं. निम्मं म्हणजे 40 हजार. आपल्या उदाहरणातल्या शेताला 3,460 लागतं, म्हणजे तलावाच्या खालच्या अंगाला अकरा-बारा शेतकऱ्यांच्या विहिरी या एका तलावावर गहू, हरभरा आणि मोसंबी जगवू शकतात. मुरलेलं सगळंच विहिरीत येत नाही, काही ओढ्याने पुढे जातं, म्हणून दहा धरा.

आता वरच्या दोघांनी तलावात मोटरी टाकून एक-एक एकर ऊस केला. एकराला 8 हजार घनमीटर, दोघांचं 16 हजार. चार-पाच शेतकऱ्यांचं पाणी गेलं, तेही विहिरीत पोचायच्या आधी. डिसेंबरात तलाव कोरडा आणि मार्चमध्ये खालच्या विहिरी. लोक म्हणतात तलाव फुटका आहे, पाणी थांबत नाही. पाझर तलावात पाणी थांबत नाही ही तक्रार नाही, ते त्याचं काम आहे! उलट ज्या पाझर तलावात मे महिन्यापर्यंत पाणी दिसतं तिथे बहुधा तळाशी गाळ बसलाय आणि मुरणं बंद झालंय.

तलाव काम करतोय का हे बघायची सोपी पद्धत आहे. पाऊस उघडल्यावर, ओढ्याची आवक थांबल्यावर आणि एकही मोटर चालू नसताना तलावात खुणेची काठी रोवायची आणि आठ-दहा दिवस पाणी किती उतरतं ते मोजायचं. नोव्हेंबरच्या उन्हात बाष्पीभवन दिवसाला चार-पाच मिलिमीटर जातं. त्याच्या वर जे उतरलं ते मुरलं. दिवसाला फक्त पाच-सहा मिलिमीटर उतरत असेल तर तलाव मुरवत नाहीये, गाळ काढायची वेळ झाली. वीस मिलिमीटर उतरत असेल तर तो चांगला चाललाय, मग खालच्या विहिरीत पातळी वाढते का ते बघा.

गाळ काढताना एक काळजी. काळा गाळ शेतात टाकायला चांगला, तो न्या. पण गाळ संपून मुरूम लागला की थांबायचं. अजून खोल खोदून भिंतीच्या पायाजवळ खड्डे करू नका, पाळ खचते.

प्रश्न: साठवण तलाव, कोल्हापुरी बंधारा यांचं काय?

साठवण तलावातून सिंचनाला परवानगी असते, रीतसर अर्ज करून उचला. कोल्हापुरी बंधाऱ्याचं सगळं गणित दारांचं आहे. परतीचा पाऊस संपता संपता, ऑक्टोबरमध्ये, बर्गे बसले तर पाणी, नाहीतर नाही. बर्गे चोरीला गेलेत, रबर नाही, निधी नाही म्हणून बंधारा रिकामा राहतो, हे गावागावात दिसतं आणि जीव तुटतो, कारण बांधकामाचे कोटी-दीड कोटी खर्च झालेले असतात आणि अडलंय ते काही हजारांच्या दारांवर.

प्रश्न: बोअरच्या पाण्याने शेततळं भरून ठेवलं तर उन्हाळ्यात मोसंबी वाचेल ना?

तुमची वाचेल, पण हिशोब बघा. 30 बाय 30 मीटरचं तीन मीटर खोल शेततळं, उतार धरून साधारण 2,200 घनमीटर बसतं. जानेवारी ते मे बाष्पीभवन रोजचं सरासरी सात मिलिमीटर धरलं तर मीटरभर पाणी वर उडतं. पाणी खाली जाईल तसा पसारा कमी होतो, तरी सात-आठशे घनमीटर जातं, म्हणजे तिसरा हिस्सा. जमिनीखाली ते पाणी उन्हापासून सुरक्षित होतं, तुम्ही ते वर आणून उन्हात ठेवलं, आणि दोनदा उपसलं. सगळ्या गावाने प्लास्टिक टाकून अशी तळी भरली तर डिसेंबरातच शिवाराची पातळी खाली जाते आणि ज्याला तळं नाही त्याची विहीर आटते. हे सगळं एकत्र कुटुंबाचं धान्य एकाने स्वतःच्या खोलीत भरून ठेवण्यासारखं आहे.

शेततळं पावसाळ्यात ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरलं तर गोष्ट वेगळी, ते पाणी तसंही पुढे जाणार होतं. कालव्याची पाळी चालू असताना टेलच्या माणसाने शेततळं भरून घेणंही चांगलं, पाळीच्या मधली महिनाभराची खिंड त्याने भरून निघते. तोंडाला गाळ बसायला लहान खड्डा ठेवा.

प्रश्न: कालव्यामुळे भूजल वाढतं का?

वाढतं, आणि कुठे कुठे नको तेवढं वाढतं.

माती-मुरमातून जाणारा कालवा आणि चाऱ्या पाझरतात, भिजवलेल्या रानातूनही मुरतं, त्यामुळे लाभक्षेत्रातल्या विहिरींना पाणी टिकतं. म्हणून मी म्हणतो की कालव्याचं पाणी मोसंबीला थेट देऊन भागत नाही, कारण उन्हाळी पाळ्यांत महिना-महिना अंतर असतं आणि झाडाला दर दोन दिवसांनी पाहिजे. पण कालव्याशेजारच्या विहिरीतून ठिबकने दिलं तर भागतं, पाळी येते तेव्हा विहीर भरते आणि मधले दिवस विहीर सांभाळते. खर्चाने, खात्रीने आणि भूजलाने, तिन्ही बाजूंनी मला ही जोडी मराठवाड्यात सगळ्यात चांगली वाटते.

हेडला मात्र उलटं दुखणं. काळी माती, खाली निचरा नाही, वर्षानुवर्षं पाटाने ऊस, मग पाणी वर येतं आणि जमीन पाणथळ होते. खुणा या: पीक पिवळं पडतं, पावसाळ्यानंतरही रानात पाय रुततो, उन्हाळ्यात वरती पांढरी खपली येते, पाऊस पडला की माती साबणासारखी होते आणि वाळली की दगड. अशा ठिकाणी विहिरीतून उपसा केलेला चांगला, कारण पातळी खाली आणायचीच आहे. तिथे कालव्याचं पाणी कमी घ्या, आधी विहिरीचं वापरा, चर काढा, माती तपासून मगच जिप्सम टाका. निचरा केल्याशिवाय जिप्समने काही होत नाही.

म्हणजे एकच विहीर हेडला जमिनीला वाचवते आणि माळावर शिवाराला कोरडं करते, जागेवर आहे सगळं.

प्रश्न: मी माळावर आहे, कालवा नाही, तलाव नाही. बोअर सोडून पर्याय काय?

मग बोअर घ्या, पण पिकाचा हिशोब एप्रिलच्या पाण्यावर करा, पहिल्या दिवशीच्या नाही. चालू असलेल्या बोअरची परीक्षा एप्रिलच्या शेवटी घ्यायची. दोनशे लिटरचा ड्रम लावायचा, किती वेळात भरतो ते बघायचं आणि मोटर सलग किती वेळ चालते ते लिहून ठेवायचं. ऑक्टोबरात तासाला 5 हजार लिटर देणारा आणि आठ तास चालणारा बोअर एप्रिलमध्ये एक तासात उचकी देत असेल तर रोजचं पाणी 5 घनमीटर झालं. आपल्या मोसंबीला 11 लागतात. म्हणजे या बोअरवर एक एकर नाही, अर्ध्या एकरालाच बाग. 2012 च्या दुष्काळात जालन्याकडे मोसंबीच्या बागा टँकरने जगवल्या आणि शेवटी तोडल्या, त्याचं मूळ याच हिशोबात होतं.

रब्बीला त्याच बोअरवर हरभरा, ज्वारी चांगली येते, कारण तेव्हा पातळी वर असते. तुषारवर हरभऱ्याला दोन पाणी दिलं तर आणखी वाचतं.

बोअर पुनर्भरण करायचं असेल तर ओढ्याचं गढूळ पाणी सरळ केसिंगमध्ये सोडू नका, भेगा गाळाने बसतात आणि बोअर कायमचा जातो. शेजारी खड्डा घेऊन खाली मोठे दगड, वर गोटे, त्यावर वाळू, अशी गाळण करा, केसिंगला जाळी-भोकं त्या थरातच ठेवा आणि दर पावसाळ्याआधी वरची वाळू खरवडा. खतं-फवारणीच्या रानातलं किंवा गोठ्याजवळचं पाणी तिकडे वळवू नका, त्याच शिवारात पिण्याचा हातपंप असतो.

प्रश्न: पाळी वेळेवर मिळावी म्हणून आम्ही टेलवाल्यांनी काय करावं?

पहिलं, अर्ज. पाणी मागणी अर्ज नमुना 7 वर मुदतीत भरा आणि पोच घ्या. टेलला मागणीच नाही असं कागदावर दिसलं की पाणी तिथपर्यंत न्यायचं कारण उरत नाही. जुनी थकबाकी असेल तर थोडी तरी भरून अर्ज मंजूर करून घ्या.

दुसरं, पाणी वापर संस्था. 2005 च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून मिळतं, एकरावर नाही. मोजून मिळालं की पिकाची सक्ती राहत नाही, आणि वाचवलेलं पाणी आपलंच राहतं, मग हेडच्या सभासदालाही बेफाम सोडायला परवडत नाही. मोजमाप चारीच्या तोंडाशी फ्ल्यूमवर होतं, पट्टीवरची उंची वाचून तक्त्यात विसर्ग बघायचा. ती पट्टी संस्थेच्या माणसानेसुद्धा वाचायला शिकलंच पाहिजे, सकाळ-संध्याकाळ दोनदा, आणि वहीत लिहायची. फ्ल्यूमच्या खाली दगड टाकून पाणी तुंबवलं की पट्टी खोटं दाखवते, हे आधी बघा.

तिसरं, पाळी टेलकडून सुरू करायचा ठराव. काही ठिकाणी संस्था हे करतात. पाणी आधी शेवटच्या चारीला आणि मग वर वर येत. पहिल्या पाळीला कटकट होते, रात्री गस्त घालावी लागते. पण ज्याचं रान शेवटी आहे त्याचं भिजलं की मधल्याला आपोआप पाणी मिळालेलं असतं, उलट्या बाजूने तसं होत नाही.

प्रश्न: आमच्या गावाचं भूजल खाली चाललंय का हे कसं कळेल?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुमच्या गावात किंवा शेजारी त्यांची विहीर असेल तर ती माहिती मागा. नसेल तर स्वतः मोजा. गावातल्या वर, मध्ये आणि खाली अशा पाच-सहा विहिरी निवडा, काठावर रंगाने एक खूण करा आणि त्याच खुणेपासून टेपला वजन बांधून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या, मोटर बारा तास बंद ठेवून. ऑक्टोबर आणि मे, दोन वेळा पुरे.

वाचायचं असं. ऑक्टोबर ते मे पातळी खाली जाणारच, ते तर वापरलेलं पाणी. बघायची ती ऑक्टोबरची रेघ, ते पण तेवढाच पाऊस झालेल्या वर्षांची. 700 मिलिमीटर पावसाच्या दोन वर्षांत ऑक्टोबरची पातळी आधी 3 मीटरवर होती आणि आता 5 मीटरवर असेल तर शिवार आवकेपेक्षा जास्त उपसतंय. उन्हाळी ऊस-भुईमूग किती एकर आहे तेही त्याच वहीत लिहा, तलाठ्याकडच्या पीक पाहणीवरून घेता येतं, म्हणजे पुढच्या ग्रामसभेत आकडे समोर ठेवून बोलता येईल की या वर्षी बारमाही पीक किती एकरापर्यंत.